गणपतीला कोण जाणार, हे जानेवारीत ठरवा

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी गावी होतो, लांज्याला. घरी गणपती, अंगणात पोरं, रोज रात्री भजन. आणि माझ्याच टीममधला गुहागरचा पोरगा इथे शारजात, बिल्डिंगच्या प्लँट रूममध्ये चिलरच्या आवाजात उभा राहून मोबाईलवर आरती बघत होता. मी परत आलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, यंदा पाळी आमची होती."

कोकणातल्यांना सांगायला नको. त्यांच्या मूळ घरच्या गणपतीची पाळी चार घरांत फिरते. यंदा ज्याची पाळी, मूर्ती आणण्यापासून विसर्जनापर्यंत सगळं त्याच्याकडे. त्याची पाळी 2025 ला होती. आता थेट 2029 ला. त्याने मे महिन्यात सुट्टी मागितली होती आणि सुपरवायझरने सांगितलं, "तुमचा चार्जहँड आधीच जातोय, दोघे कोकणवाले एकदम नाही." चार्जहँड म्हणजे मी. मी जानेवारीतच तोंडी सांगून ठेवलं होतं. त्याच्या आधीच्या दोन वर्षीही मीच गेलो होतो. कोणाचा हक्क मारतोय असं मला एकदाही वाटलं नाही, कारण आधी मागणाऱ्याला सुट्टी, हाच आमच्याकडे नियम होता. आणि आधी मागायचं कधी, कुणाला, कुठल्या शब्दांत, हे जुन्या माणसालाच माहीत असतं.

म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे. सणाच्या महिन्यांतल्या सुट्ट्या कंपनीने ठरवायची वाट बघू नका आणि आपापल्या वेगळ्या चिठ्ठ्याही नेऊन देऊ नका. टीमने एकत्र बसून, वर्षाच्या सुरुवातीला, गणित मांडून ठरवावं आणि ते कागदावर कंपनीकडे द्यावं. यात कंपनीवर उपकार कसला? यामुळे आपला दुबळा माणूस मागे पडत नाही, आणि जिथे माणसं खरंच कमी आहेत तिथे तो कमीपणा कंपनीच्या हिशोबात दिसतो, आपल्या भांडणात नाही.

आधी कायदा, थोडक्यात. यूएईत खासगी कंपनीच्या कामगाराला 2021 चा 33 क्रमांकाचा कायदा लागू आहे, 2 फेब्रुवारी 2022 पासून. त्याच्या 29 व्या कलमात वर्षाची सुट्टी आहे. वर्ष पूर्ण झालं की 30 दिवस, पगारी. सहा महिने झाले आणि वर्ष झालं नाही, तर महिन्याला दोन दिवस. तारखा ठरवायचा अधिकार कंपनीला आहे, पण कामाची गरज बघून आणि कामगाराशी बोलून, किंवा कामगारांमध्ये आळीपाळीने. ठरलेली तारीख निदान एक महिना आधी सांगायची. आणि दोन वर्षांपेक्षा जास्त काळ सुट्टी अडवून ठेवता येत नाही. कामगाराला स्वतःला पुढे ढकलायची असेल किंवा पैसे घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी. घरकाम करणाऱ्यांना वेगळा कायदा आहे. दुबईचं डीआयएफसी आणि अबूधाबीचं एडीजीएम इथेही नियम वेगळे. सौदीत पहिली पाच वर्षं 21 दिवस आणि मग 30. कतारमध्ये पाच वर्षांपर्यंत तीन आठवडे, पुढे चार. तिथल्या मित्रांनी खालचं गणित आपापल्या दिवसांनी करावं.

"आळीपाळीने" हा शब्द लक्षात ठेवा. आळीपाळी करायची मुभा कंपनीला आहे, पण ती कशी करायची हे कायदा सांगत नाही. वही रिकामी असेल तर सुपरवायझर आपल्या सोयीने करतो. वही भरलेली असेल तर त्याला ती खोडून दाखवावी लागते.

आता आमचं गणित सांगतो, कारण आकड्याशिवाय ही गोष्ट नुसती रडगाणं होते.

आम्ही सात जण. एक मोठी रहिवासी बिल्डिंग, एसी आणि प्लंबिंगचं मेंटेनन्स. तीन शिफ्ट, आठ-आठ तासांच्या. सकाळी दोन, दुपारी दोन, नाईटला एक. म्हणजे रोज पाच ड्युट्या, आठवड्याला पस्तीस. प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस रजा, म्हणजे एक माणूस सहा ड्युट्या करतो. सात माणसं सहा दिवस, बेचाळीस ड्युट्या. लागतात पस्तीस. सात शिल्लक.

एक जण गावी गेला की सहा माणसं, छत्तीस ड्युट्या. लागतात पस्तीस. जेमतेम एक शिल्लक. दोघे गेले की तीस. आठवड्याला पाच ड्युट्या कमी, म्हणजे चाळीस तास.

हे चाळीस तास कोण भरणार? "ओव्हरटाईम करा" असं सगळे पटकन म्हणतात. कायद्यात ओव्हरटाईम दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नाही. आणि त्याच्या पुढची ओळ बरेच जण वाचत नाहीत: तीन आठवड्यांत एकूण काम 144 तासांपेक्षा जास्त नाही. 144 ला तीनने भागा. आठवड्याला 48. म्हणजे जो माणूस आधीच सहा दिवस आठ-आठ तास करतो, त्याची तीन आठवड्यांची मर्यादा नेहमीच्या ड्युटीतच संपते. एखाद्या आठवड्यात दोन-चार तास जास्त झाले तर पुढच्या आठवड्यात कमी करावे लागतात. अपघात किंवा मोठं नुकसान टाळण्यासाठी सूट आहे, पण दोन माणसं सुट्टीवर आहेत हे काही संकट नव्हे, ते तर महिनाभर आधीच माहीत असतं.

म्हणजे आमच्या टीममधून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. दोघे जायचे असतील तर बाहेरून रिलिव्हर हवा. याला तिसरा रस्ता नाही. जिथे तिसरा रस्ता काढला जातो, तिथे कुणाची तरी साप्ताहिक रजा गिळलेली असते किंवा नाईटचा एकटा माणूस सकाळीही थांबलेला असतो. ओळखायचं कसं? सणाच्या महिन्याची हजेरी बघा. एखाद्या नावापुढे सलग दहा-बारा दिवस ड्युटी दिसली की समजा, त्याच्या खिशातून कुणीतरी गावी गेलंय. रजेच्या दिवशी काम घेतलं तर बदली रजा किंवा त्या दिवसाचा पगार आणि वर बेसिकच्या निदान 50 टक्के, असा नियम आहे. तो पैसा मिळाला का, हेही विचारा.

तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. पण हिशोब हाच: आठवड्याच्या ड्युट्या मोजा, त्याला सहाने भागा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्ण आकडा घ्या. तेवढी माणसं कायम हजर पाहिजेत. आमचं 35 भागिले 6, म्हणजे सहाला थोडं कमी, म्हणून सहा. टीममधून तो आकडा वजा करा, तेवढेच एका वेळी गावी जाऊ शकतात. रमजानमध्ये सगळ्यांचे तास दोनने कमी होतात, मग आठ तासांच्या शिफ्टमधले दोन तास ओव्हरटाईममध्ये जातात. तो महिना वेगळा मोजा. आणि नुसती डोकी मोजू नका. आमच्याकडे चिलर बंद पडला तर एकट्याने हाताळू शकतील असे तिघेच आहेत. त्यातला एक गावी आणि एक आजारी पडला, तर नाईटला कायम तिसराच. हे आधी दिसलं नाही की सणात दिसतं, रात्री अडीच वाजता.

आता तारखा. मी जानेवारीत भिंतीवरचं कालनिर्णय काढून सगळ्यांना बसवलं. शुक्रवारी, बिर्याणीच्या आधी. नंतर कुणी बसत नाही. सात जण म्हणजे कोण? मी आणि गुहागरचा पोरगा. एक सोलापूरचा, त्याला दिवाळी. एक केरळचा चेट्टन, त्याला ओणम. एक नेपाळी, त्याला दशैं. एक पेशावरचा, त्याला ईद. एक फिलिपिनो, त्याला ख्रिसमस.

2026 ला अधिक महिना आहे, त्यामुळे आपले सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबर, अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबर, दसरा 20 ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. चेट्टनचा तिरुओणम 26 ऑगस्टला. दशैंचा मोठा दिवस आपल्या दसऱ्याच्या आसपास. रमजान ईद मार्चच्या विसाव्या तारखेच्या सुमारास, चंद्रावर अवलंबून.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने मनातलं मागितलं. पाच जणांना ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जायचं, प्रत्येकाला तीस दिवस. पाच त्रिक दीडशे. 17 ऑगस्टपासून 19 नोव्हेंबरपर्यंत दिवस आहेत 95. एका वेळी एकच जाणार, तर दीडशे दिवस पंचाण्णवमध्ये बसत नाहीत. हे आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले आणि खोली शांत झाली. आधी दरवर्षी याच जागी भांडण व्हायचं, "तुमचा सण मोठा की आमचा" म्हणून. आकडा समोर असला की सणाचा मोठेपणा काढायची गरज उरत नाही, जागाच नाहीये हे सगळ्यांना दिसतं.

मग दोन गोष्टी केल्या.

एक, सणाच्या हंगामात कुणालाही तीस दिवस नाहीत. जास्तीत जास्त एकवीस. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सोलापूरचा म्हणाला, "दोन वर्षांनी जातोय, एकवीस दिवसांत काय होतं? चार दिवस तर प्रवासात आणि पाहुण्यांत." त्याचं खरं आहे. सुट्टीचे दोन तुकडे करायचे तर तिकिटाचा खर्च दुप्पट, आणि कंपनी वर्षाला एकच तिकीट देते, कुठे कुठे दोन वर्षांनी एक. पण पर्याय काय? त्याने तीस घेतले तर नेपाळी दशैं घरी करू शकत नाही. शेवटी असं ठरलं की उरलेले दिवस लेखी मागून पुढच्या वर्षात न्यायचे, किंवा त्यांचे पैसे घ्यायचे. दिवस पुढे न्यायला कंपनीची संमती लागते, म्हणून हे अर्जातच लिहायचं: "21 दिवस आता, 9 दिवस पुढील वर्षी." नाही लिहिलं तर ते नऊ दिवस वर्षअखेरीला कुणालाच आठवत नाहीत. आणि पुढच्या वर्षी त्याला सणाबाहेर जायचं असेल तर तो 39 दिवस मागू शकतो. सोलापूरचा इथे जरा हसला.

दोन, ज्याला गेल्या वर्षी सण मिळाला तो यंदा शेवटी निवडणार. किती वर्षं नोकरी झाली, बेसिक किती, चार्जहँड आहे की हेल्पर, काही बघायचं नाही. मला इथे सतरा वर्षं झाली, आणि मी हे बोलतोय म्हणून कुणाला वाटेल आता मोठेपणा दाखवतोय. नाही. तीन गणपती करून झाले म्हणून बोलतोय. जुन्या माणसांचा नेहमीचा मुद्दा असतो, "आम्हीही सुरुवातीला सोसलं." सोसलं ना. मग ते कसं लागतं हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

दोघे कोकणवाले, एक गणपती. मी शेवटी निवडणार, म्हणजे गणपती गुहागरच्या पोराचा. मी शिमगा घेतला. होळी यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे, आमच्या गावची पालखी त्यानंतर घरोघरी फिरते. कोकणातल्या माणसाला शिमगा म्हणजे काही कमी नाही, आणि त्या दिवसांत इथे हवा गार असते, चिलरवर लोड कमी असतो, एक माणूस कमी असला तरी कुणाची कंबर मोडत नाही. हे आधी का नाही सुचलं? कारण सुट्टी म्हटलं की गणपती हे डोक्यात पक्कं बसलेलं. ज्यांच्या गावी जत्रा, उरूस, शिमगा, पाडवा असा दुसरा काही मोठा दिवस आहे, त्यांनी तो वहीत लिहावा. सगळ्यांची पहिली पसंती एकाच पंधरवड्यात असेल, पण दुसरी पसंती विखुरलेली असते. तिथेच जागा सापडते.

तर कागद असा झाला. मी 12 फेब्रुवारी ते 13 मार्च. पेशावरचा 16 मार्च ते 14 एप्रिल, ईदच्या तीन-चार दिवस आधी घरी पोचेल. चेट्टन 17 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर. गुहागरचा 7 ते 27 सप्टेंबर. नेपाळी 6 ते 26 ऑक्टोबर. सोलापूरचा 30 ऑक्टोबर ते 19 नोव्हेंबर. फिलिपिनो 10 डिसेंबर ते 8 जानेवारी. मधले चार महिने, 15 एप्रिल ते 16 ऑगस्ट, मुद्दाम मोकळे. उन्हाळ्यात एसीचं काम दुप्पट असतं आणि 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, त्यामुळे छतावरची युनिट सकाळी लवकर उरकावी लागतात. शिवाय कुणाच्या घरी खरंच काही झालं, तर त्या महिन्यांत त्याला जागा मिळते.

तारखांमध्ये दोन-तीन दिवसांची फट दिसेल. ती चुकून पडलेली नाही. फ्लाईट रद्द होते, कुणाला ताप येतो, एखादा दोन दिवस उशिरा येतो. फट नसेल तर याच्या उशिराने पुढच्याचं तिकीट वाया जातं. गणपतीच्या आधी चेट्टनच्या परतीला आम्ही दोन दिवस ठेवले आहेत, मला विचाराल तर ते कमीच आहेत. पण 7 तारखेनंतर निघून गुहागरला पोचायचं आणि आठवडाभर आधी घर आवरायचं, तर आणखी मागे सरकता येत नव्हतं.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, परत येण्यात. माणूस गावी गेला की दोन दिवस वाढवावेसे वाटतात. आईचे डोळे, बायकोचा चेहरा, कोर्टाची तारीख, काहीही. मग सुपरवायझरला फोन: "सर, मदर सिरीयस." इथे मला थोडं कडक बोलू द्या. दर सणाला कुणाची तरी आई सिरीयस होते आणि मग ज्याची आई खरंच सिरीयस असते त्याला हॉस्पिटलचे कागद मागतात. आमच्याच टीममध्ये एकाला असे कागद फोनवर पाठवत बसावं लागलं, तोवर विमान गेलं. आईवडील, भाऊबहीण किंवा मूल गेलं तर तीन दिवस आणि नवरा-बायकोपैकी कुणी गेलं तर पाच दिवस पगारी रजा कायद्यातच आहे, वर्षाच्या सुट्टीच्या बाहेर. ती मागायला खोटं लागत नाही.

आमचा नियम आता असा: दिवस वाढवायचा असेल तर पहिला फोन कंपनीला नाही, रांगेत पुढे असलेल्याला. तो हो म्हणाला तरच पुढे. कागदी बाजूही लक्षात ठेवा: सबळ कारणाशिवाय उशिरा आलात तर त्या दिवसांचा पगार नाही, आणि कारण न देता सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात तर नोटिशीशिवाय काढता येतं. तुम्ही गावी असताना, हातात कंपनीचा एकही कागद नसताना, ती लढाई लढणं फार अवघड.

कागदाचं काय करायचं? सातही जणांच्या सह्या, वर तारीख, एक प्रत एचआरला, एक सुपरवायझरला, एक आपल्याकडे फोटो काढून. त्याखाली प्रत्येकाचा वेगळा अर्ज, कारण कंपनी मंजुरी माणसाला देते, टीमला नाही. मंजुरी लेखी आल्याशिवाय तिकीट काढू नका. ईमेल चालेल, कंपनीच्या ॲपमधली मंजुरी चालेल, सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेजसुद्धा तोंडी "हो, हो, जा" पेक्षा बरा. मंजुरीत दोन गोष्टी तपासा. सुट्टीच्या मध्ये सरकारी सुट्टी आली तर ती तुमच्या तीस दिवसांत मोजतात का? कायद्याप्रमाणे मोजतात, कंपनीच्या नियमात किंवा करारात वेगळं लिहिलं असेल तरच नाही. आणि पासपोर्ट तुमच्याकडेच आहे ना? तो कंपनीने ठेवून घेणं कायद्याने मना आहे. "सुट्टी मंजूर झाली की देऊ" हे सरळ सरळ दाब टाकणं आहे.

आता आमच्या कागदाची शेवटची ओळ. आम्ही खाली लिहिलं: दरवर्षी गणपतीत दोन माणसांची मागणी असते, दोघांना सोडलं तर आठवड्याला पाच ड्युट्या कमी पडतात, तीन आठवड्यांच्या पंधरा, 144 तासांच्या मर्यादेमुळे त्या ओव्हरटाईमने भरता येत नाहीत, सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी एक रिलिव्हर द्यावा. नुसतं "माणसं कमी आहेत" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, सगळीकडेच कमी आहेत. पंधरा ड्युट्या म्हटलं की एचआरच्या बाईंना कॅल्क्युलेटर काढावा लागला. त्यांनी विचारलं, कुठून आणला आकडा? मी हजेरीचे कागद पुढे ठेवले. त्या म्हणाल्या, बघू, दुसऱ्या साईटवर विचारते. अजून उत्तर नाही. कदाचित येणारही नाही. पण गेल्या वर्षीपर्यंत माणसांचा तुटवडा हे आम्हा दोघा कोकणवाल्यांचं आपसातलं भांडण होतं. आता ते त्यांच्या टेबलावर आहे, तारखेसह.

काही मित्र म्हणतील, हे मॅनेजमेंटचं काम आहे, आपण का करायचं? पगार त्यांना मिळतो प्लॅनिंगचा. बरोबर आहे. पण मॅनेजमेंटला फक्त ड्युटी भरलेली हवी असते. कोण गेला आणि कोण पाचव्या वर्षीही राहिला, हे त्यांच्या रोस्टरमध्ये कुठल्याच रकान्यात नसतं. तो रकाना आपल्याकडेच असू शकतो. आमच्या वहीत आता नावापुढे मागच्या तीन वर्षांचे सण लिहिले आहेत. माझ्या नावापुढे तीनदा "गणपती". गुहागरच्या पोरापुढे तीनदा रेघ. सगळ्यांसमोर ते लिहिताना मला लाज वाटली, हे कबूल करतो.

पोराची मंजुरी मागच्या आठवड्यात ईमेलवर आली. विमान मुंबईपर्यंत आणि पुढे चिपळूणपर्यंत रेल्वे. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आधीसारखं एकशेवीस नाही, आणि गणपतीच्या गाड्या सकाळी आठला उघडल्या की मिनिटांत भरतात. म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, इथल्या साडेसहाला, कुणीतरी मोबाईल घेऊन बसायला हवं. त्या आठवड्यात त्याची सकाळची शिफ्ट आहे, सहाला सुरू. मी माझी दुपारची आहे तशी ठेवलीय आणि त्याचा लॉगिन मागून घेतलाय.